इथेनॉलचा प्रयोग, ५७ टक्के त्रुटी आणि जर्नलमधला एक परिच्छेद

प्रश्न: सर, मी एफवायला आहे. प्रॅक्टिकलला स्पिरिटच्या दिव्यावर तांब्याच्या डब्यात २०० ग्रॅम पाणी तापवून इथेनॉलची ज्वलन-उष्णता काढली. पाणी ६ मिनिटांत २४ वरून ४४ अंशांवर गेलं, दिव्याचं वजन १.३० ग्रॅमने कमी झालं. उत्तर ५९२ किलोज्यूल प्रति मोल आलं, पुस्तकात १३६७ आहे, म्हणजे ५७ टक्के त्रुटी. डिस्कशनमध्ये ‘उष्णता वातावरणात गेली’ असं लिहिलं तर मॅडमनी ‘कुठे? किती?’ असा शेरा मारून जर्नल परत दिलं. डबा १२० ग्रॅमचा होता, झाकण नव्हतं. दिवा विझवल्यावर ५ मिनिटांत तापमान ४४ वरून ४२.५ झालं, ते लिहून ठेवलंय पण कुठे वापरायचं कळत नाही. बुडाला काजळी धरली होती, तिचं वजन ०.०२ ग्रॅम भरलं. आता काय लिहू?

उत्तर:

मॅडमचा शेरा रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुमच्याच रीडिंगमध्ये बऱ्यापैकी दडलेलं आहे. ‘उष्णता वातावरणात गेली’ हे वाक्य त्रुटी ५ टक्के असली तरी लिहिता येतं आणि ५७ टक्के असली तरी. जे वाक्य दोन्हीकडे चालतं ते तुमच्या प्रयोगाबद्दल काहीच सांगत नाही. उघड्या दिव्यावर हा प्रयोग केला की निम्मी किंवा त्याहून जास्त उष्णता हातची जाते हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं, त्यामुळे आकड्याच्या आकाराने कुणी दचकत नाही. विद्यार्थ्याला तो आकडा फोडता येतो का, एवढंच तपासलं जातं.

कारणांकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या: ही त्रुटी वाचनातल्या अनिश्चिततेने आलेली असू शकते का? तापमापीवर एकेका अंशाच्या खुणा असतील तर एक वाचन अर्ध्या अंशाने इकडे-तिकडे होऊ शकतं. दोन वाचनांचा फरक घेतला की जास्तीत जास्त एक अंश, म्हणजे २० अंशांवर ५ टक्के. वजनकाटा दोन दशांश स्थळांचा असेल तर दोन वजनांत मिळून ०.०२ ग्रॅम, म्हणजे १.३० वर दीड टक्का. पाणी मोजपात्राने घेतलं असेल तर आणखी अर्धा टक्का. सगळं एकाच दिशेने चुकलं असं धरलं तरी ७ टक्के होतात. म्हणजे तुमचं उत्तर ५९२ अधिक-उणे ४१ च्या आसपास आहे आणि १३६७ त्याच्या कितीतरी बाहेर पडतं. ‘रीडिंग घेताना चूक झाली असेल’ ही पळवाट इथेच बंद होते. त्रुटी पद्धतीतच आहे आणि दहा वेळा प्रयोग करून सरासरी काढली तरी ती जाणार नाही. हे एक वाक्य डिस्कशनच्या सुरुवातीला आलं की वाचणाऱ्याला कळतं, या मुलाला आपण काय मोजलं ते समजलंय.

दुसरी गोष्ट दिशेची. तुमचं उत्तर कमी आलंय, तेव्हा तुम्ही द्याल ते प्रत्येक कारण उत्तर कमी करणारंच हवं. हे सांगायची गरज पडू नये, पण जर्नलांमध्ये हमखास सापडणारं एक वाक्य असतं: ‘तापमापीचा फुगा डब्याच्या बुडाला टेकला असावा.’ टेकला असता तर त्याने पाण्यापेक्षा जास्त तापमान दाखवलं असतं आणि उत्तर वाढलं असतं. तापताना थोडं पाणी वाफ होऊन गेलं आणि आपण हिशोबात मात्र पूर्ण २०० ग्रॅम धरले, तर त्या गुणाकारातही उत्तर किंचित वाढतंच. (त्या बाष्पीभवनाने पाणी थंड होतं हा भाग वेगळा, तो पुढे येतो.) कारण लिहिण्यापूर्वी प्रत्येकाच्या पुढे वर किंवा खाली असा बाण काढा. वरचा बाण असलेली कारणं या डिस्कशनमध्ये येत नाहीत.

आता हिशोब. १.३० ग्रॅम इथेनॉल म्हणजे ०.०२८२ मोल. ते सगळं पूर्ण जळालं असतं तर ३८.६ किलोज्यूल मिळाले असते. पाण्याने घेतले २०० × ४.१८ × २० ज्यूल, म्हणजे १६.७ किलोज्यूल. हे ४३ टक्के झाले. उरलेले जवळपास २१.९ किलोज्यूल कुठे गेले ते शोधायचं आहे. इथून पुढे प्रत्येक कारणाला किलोज्यूलमध्ये किंमत लावायची. ज्याला लावता येत नाही ते शेवटी राहील.

सगळ्यात सोपा डबा. तोही २४ वरून ४४ वर गेला. १२० ग्रॅम तांबं, विशिष्ट उष्माधारकता ०.३८५, २० अंश: ०.९२ किलोज्यूल. खरं तर हा तोटा म्हणताच येणार नाही. उष्णता डब्यात आलेली होती, तुम्ही ती मोजली नाहीत. ते गणनेत राहून गेलेलं पद आहे, तेव्हा ‘त्रुटीची कारणं’ मध्ये न लिहिता सरळ गणनेत घाला.

मग निवणं, जिथे तुमचं ते बेवारस रीडिंग कामाला येतं. ५ मिनिटांत दीड अंश म्हणजे मिनिटाला ०.३ अंश. हा वेग पाणी खोलीच्या तापमानापेक्षा २० अंश वर असतानाचा. न्यूटनच्या नियमानुसार निवण्याचा वेग तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असतो. तापवताना हा फरक शून्यापासून २० पर्यंत वाढत गेला, सरासरी १०, म्हणून सरासरी वेग ०.१५ धरायचा. ६ मिनिटांत ०.९ अंश. पाणी आणि डबा मिळून एका अंशाला ८८२ ज्यूल लागतात, तेव्हा हा तोटा ०.७९ किलोज्यूल. झाकण नव्हतं म्हणून पृष्ठभागावरून झालेल्या बाष्पीभवनाचा थंडावाही याच ०.३ मध्ये आलेला आहे, त्याला वेगळी ओळ लावू नका, नाहीतर तोच तोटा दोनदा मोजाल. एक बारीक गोष्ट: दिवा पेटलेला असताना डब्याच्या बाजूंवरून गरम वायू वर जात असतात, तेव्हा बाजूंनी निवणं जवळपास थांबलेलं असतं. म्हणून ०.७९ हा वरचा अंदाज समजा, खरा आकडा याहून थोडा कमीच.

इथे जरा थांबून हा आकडा पाहा. ‘उष्णता वातावरणात गेली’ म्हणताना बहुतेकांच्या मनात हेच चित्र असतं: गरम डबा हवेत उभा आहे आणि हळूहळू निवतोय. ती गोष्ट मोजल्यावर एकूणच्या २ टक्के निघाली. डब्याभोवती कापूस गुंडाळायला हवा होता, झाकण लावायला हवं होतं, इन्सुलेशन नव्हतं, असे जे उपाय ‘सुधारणा’ या मथळ्याखाली लिहिले जातात, ते सगळे या २ टक्क्यांच्या मागे लागलेले असतात. काउंट रम्फर्डची जुनी युक्ती, म्हणजे पाणी खोलीपेक्षा जितकं थंड घेऊन सुरुवात करायची तितकंच गरम झाल्यावर थांबायचं, मिश्रणाच्या पद्धतीत फार कामाची आहे. इथे ती केलीत तरी ५७ चे ५५ होतील.

तिसरं कारण जर्नलमध्ये सहसा दिसत नाही आणि तरी मोजता येण्याजोग्यांत तेच सर्वांत मोठं आहे. पुस्तकातला १३६७ हा आकडा २५ अंशांना ज्वलनातून निघणारं पाणी द्रवरूपात आलं असं धरून दिलेला आहे. तुमच्या दिव्यावर ते वाफ होऊन उडून गेलं. इथेनॉलच्या एका मोलपासून पाण्याचे ३ मोल होतात आणि २५ अंशांना पाण्याच्या एका मोलच्या बाष्पनाला ४४ किलोज्यूल लागतात. म्हणजे मोलमागे १३२ किलोज्यूल त्या वाफेबरोबर गेले. ते तुमच्या डब्याला मिळण्याची शक्यता सुरुवातीपासूनच नव्हती. वाफेच्या हिशोबाने इथेनॉलची ज्वलन-उष्णता १२३५ होते आणि उघड्या दिव्याच्या प्रयोगाची तुलना खरं तर या आकड्याशी करायला हवी. दिवा लावल्यावर पहिल्या मिनिटात थंड डब्याच्या बाहेरच्या बाजूवर धुकट ओल धरलेली दिसली असेल. अनेकांना वाटतं डबा गळतोय. ते ज्वलनातलंच पाणी, थंड तांब्यावर साचलेलं. तेवढ्याने आपली उष्णता डब्याला दिली खरी, पण डबा तापला की ते पुन्हा उडतं आणि दिलेलं परत घेऊन जातं. तुमच्या प्रयोगात या खात्यावर साधारण ३.६ किलोज्यूल पडतात, जवळपास साडेनऊ टक्के.

काजळी. ०.०२ ग्रॅम कार्बन न जळता बुडाला चिकटला. कार्बनच्या एका मोलला ३९४ किलोज्यूल, ग्रॅमला ३२.८, म्हणून ०.६६ किलोज्यूल. दोन दशांशांच्या काट्यावर ०.०२ हे वजन स्वतःच डळमळीत आहे, शिवाय जी काजळी हवेत उडाली ती यात नाही, तेव्हा याला ‘किमान’ म्हणा. काजळी दिसते म्हणून मुलं तिच्यावर पानभर लिहितात. न दिसणारा कार्बन मोनॉक्साइड तिच्यापेक्षा महाग पडू शकतो: इथेनॉलमधल्या कार्बनचा दहावा हिस्सा जरी मोनॉक्साइडवर थांबला, तरी मोलमागे ५७ किलोज्यूल, म्हणजे ४ टक्के कमी. पण तुम्ही तो मोजलेला नाही, म्हणून त्याला आकडा लावू नका. पिवळट, लांब ज्योत होती की निळसर आखूड, एवढं निरीक्षण लिहा आणि अपूर्ण ज्वलनाचा उल्लेख करून पुढे चला.

पाचवं कारण उष्णतेचं नाहीच, वजनाचं आहे. दिवा विझवल्यापासून काट्यावर ठेवेपर्यंत गरम वातीवरून इथेनॉल उडत राहतं. ते १.३० ग्रॅममध्ये मोजलं गेलं पण जळालं नाही. हे तपासायला सोपं आहे. दिवा एक-दोन मिनिटं पेटवून विझवा, टोपी न लावता काट्यावर ठेवा आणि दुसऱ्या दशांशाकडे बघत बसा, आकडा डोळ्यांदेखत उतरतो. प्रयोगात जेवढा वेळ गेला होता तेवढ्या वेळाचा फरक वहीत उतरवा. तुमच्या दिव्याचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल. मी इथे हिशोबापुरता ०.०३ ग्रॅम धरतो. त्याचे ०.८९ किलोज्यूल होतात.

याच ओघात बाटलीवरचं लेबलही पाहून या. कॉलेजच्या दिव्यात बहुधा डीनेचर्ड स्पिरिट असतं, ज्यात मेथॅनॉल मिसळलेलं असू शकतं. मेथॅनॉल ग्रॅममागे २२.७ किलोज्यूल देतं, इथेनॉल २९.७. रेक्टिफाइड स्पिरिट असेल तर त्यात पाणी असतं. वजनाने ५ टक्के पाणी असेल तर जळालेलं इथेनॉल १.३० नसून १.२४ ग्रॅमच्या आसपास, आणि तेवढ्यानेच उत्तर ५ टक्क्यांनी वर सरकतं. लेबलवर ‘ॲब्सोल्यूट’ असेल तर हा परिच्छेद विसरा. तुम्ही काही लिहिलेलं नाही म्हणून मी शुद्ध इथेनॉल धरतोय.

आता बेरीज करू. डबा ०.९२, निवणं ०.७९, वाफ ३.६४, काजळी ०.६६, वातीवरून उडालेलं ०.८९. एकूण ६.९ किलोज्यूल. हरवलेले होते २१.९. म्हणजे नावानिशी ओळख पटलेली सगळी कारणं मिळून तिसऱ्या हिश्श्यापर्यंतही पूर्ण पोचत नाहीत. उरलेले १५ किलोज्यूल, जळालेल्या इंधनाच्या ३९ टक्के, हे डब्यातून गेलेले नाहीत. ते डब्यात आलेच नव्हते. ज्योतीपासून निघालेले गरम वायू डब्याच्या बुडाला आणि बाजूंना घासून वर निघून गेले. गॅसवर चहाचं लहान पातेलं ठेवून त्याच्या कडेच्या वर हात धरला की जी धग लागते, तीच ही.

याला ‘उरलं ते सगळं यात घाला’ म्हणून सोडून देऊ नका, कारण ते खरंच इतकं असू शकतं का हे पाहता येतं. १ ग्रॅम इथेनॉल पूर्ण जळायला साधारण ९ ग्रॅम हवा लागते. उघडी ज्योत गरजेपेक्षा बरीच जास्त हवा आपल्याबरोबर ओढते. तिप्पट धरू. म्हणजे तुमच्या १.३० ग्रॅमबरोबर सुमारे ३५ ग्रॅम हवा वर गेली, इंधन मिळून ३६ ग्रॅम वायू. या वायूंची उष्माधारकता ग्रॅममागे अंशाला १.१ ज्यूल धरा आणि डब्याच्या कडेपाशी ते खोलीपेक्षा ३०० अंशांनी गरम होते असं माना. गुणाकार १२ किलोज्यूल येतो. तिप्पट आणि ३०० हे माझे अंदाज आहेत, पण दोन्ही उघड्या ज्योतीला न शोभणारे नाहीत. उरलेले ३ किलोज्यूल ज्योतीचं बाजूला होणारं प्रारण, तिवई आणि जाळी तापणं, आणि आपण न मोजलेला मोनॉक्साइड यांत सहज बसतात. लॅबमध्ये थर्मोकपल असेल तर डब्याच्या कडेला वायूचं तापमान प्रत्यक्ष मोजा. मग माझ्या ३०० च्या जागी तुमचा आकडा येईल आणि डिस्कशनला वजन येईल.

हे सगळं गणनेच्या पानावर जाऊ द्या. डिस्कशनचा परिच्छेद त्यातून निघणारा, छोटा हवा. तुमच्या आकड्यांवरून मी असा लिहिला असता:

‘प्रयोगातून इथेनॉलची ज्वलन-उष्णता ५९२ किलोज्यूल प्रति मोल आली, ती प्रमाणित किमतीपेक्षा (१३६७) ५७ टक्क्यांनी कमी आहे. उपकरणांची एकत्रित अनिश्चितता जास्तीत जास्त ७ टक्के असल्याने ही त्रुटी यादृच्छिक नसून पद्धतीतली आहे. कॅलरीमीटरची उष्माधारकता (०.९२ किलोज्यूल), नोंदवलेल्या निवण्याच्या वेगावरून काढलेली दुरुस्ती (०.७९ किलोज्यूल) आणि वातीवरून झालेलं बाष्पीभवन (०.०३ ग्रॅम) विचारात घेतल्यावर ही किंमत ६६९ किलोज्यूल प्रति मोल होते. या प्रयोगात ज्वलनातून निघालेलं पाणी वाफेच्या रूपात निघून गेल्याने तुलना १२३५ किलोज्यूल प्रति मोल या किमतीशी करणं योग्य ठरतं. तशी केल्यास त्रुटी ४६ टक्के राहते. डब्याच्या बुडाला जमलेली काजळी अपूर्ण ज्वलन दाखवते, पण तिच्यामुळे झालेला तोटा किमान ०.६६ किलोज्यूल, म्हणजे २ टक्क्यांहून कमी आहे. उरलेल्या तुटीचं मुख्य कारण म्हणजे ज्योतीतले गरम वायू डब्याच्या बाजूने निघून जाणं. अंदाजे ३६ ग्रॅम वायू खोलीपेक्षा ३०० अंश जास्त तापमानाला निघून गेल्यास १२ किलोज्यूल उष्णता डब्यापर्यंत पोचत नाही, आणि तुटीचा आकार याच्याशी जुळतो. डबा निवण्याने झालेला तोटा लहान असल्याने केवळ उष्णतारोधक आवरणाने उत्तरात फारसा फरक पडणार नाही; ज्योतीभोवती वारारोधक पडदा लावणं आणि ज्योत व डबा यांतलं अंतर कमी करणं जास्त उपयोगी ठरेल.’

यात ०.०३ च्या जागी तुमचा आकडा घाला आणि ६६९ पुन्हा काढा. माझी गणना अशी: पाणी, डबा आणि निवणं मिळून १८.४ किलोज्यूल, भागिले १.२७ ग्रॅमचे मोल. काजळी मी मुद्दाम दुरुस्तीत घेतलेली नाही, कारण तिचं वजन ५० टक्क्यांनी चुकलेलं असू शकतं आणि अशा आकड्याने उत्तर ‘सुधारणं’ म्हणजे दिखाऊपणा. दुरुस्ती करायची ती स्वतः मोजलेल्या गोष्टीची. अंदाजाची जागा स्पष्टीकरणात. हा फरक पाळलात तर ६६९ हे उत्तर अजून निम्म्यावरच असलं तरी कुणी नावं ठेवणार नाही. उलट दुरुस्त्या करत करत कुणी १३०० पर्यंत पोचलेलं दिसलं की मला लगेच संशय येतो.

शेवटच्या वाक्यातल्या उपायांबद्दल तोंडी परीक्षेत विचारतील, म्हणून तेवढं सांगतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा पडदा ज्योत आणि डबा दोघांभोवती लावला की वायू डब्याला चिकटून वर जातात आणि बाजूची झुळूक थांबते. पण पडद्याला खाली फट ठेवावी लागते. ती विसरलात तर ज्योतीला हवा कमी पडते, ती पिवळी होते, काजळी वाढते, आणि एका खात्यावर वाचवलेलं दुसऱ्यावर जातं. अंतराचंही तसंच आहे. दिवा डब्याच्या जवळ आणला की वायूंतली जास्त उष्णता डब्याला मिळते. मात्र ज्योत थंड तांब्यावर आपटायला लागली की तिथे विझते आणि बुडाला काळा थर बसतो. ज्योतीचं टोक बुडाच्या जरा खाली राहील इतपत अंतर चांगलं. वात आखूड करून ज्योत लहान केलीत तर तोही उपायच आहे. पण मग तापायला वेळ जास्त लागेल आणि आज २ टक्के असलेलं निवणं वाढेल, तेव्हा तेव्हाचा निवण्याचा वेग पुन्हा नोंदवा आणि झाकण ठेवा.

तुमचं स्पष्टीकरण बरोबर आहे की नाही हे कळण्याचा रस्ताही यातच आहे. फक्त झाकण लावून प्रयोग पुन्हा करा, बाकी काही बदलू नका. उत्तर १-२ टक्क्यांहून जास्त हललं नाही तर निवणं खरंच लहान होतं. मग झाकण तसंच ठेवून फक्त पडदा लावा. माझं म्हणणं बरोबर असेल तर या वेळी उत्तर ठळकपणे वर जायला हवं. नाही गेलं तर तुटीचं मोठं खातं दुसरीकडे आहे, आणि पहिला संशय मी बाटलीतल्या स्पिरिटवर घेईन.

तिसरी तपासणी वेळ असेल तर. त्याच मांडणीत, तेवढ्याच उंचीच्या ज्योतीने मेथॅनॉल जाळा (खिडक्या उघड्या ठेवून, त्याची वाफ विषारी आहे आणि ज्योत उजेडात नीट दिसत नाही). मेथॅनॉलची पुस्तकी किंमत ७२६ किलोज्यूल प्रति मोल. तुमचा डबा इथेनॉलची ४३ टक्के उष्णता पकडत असेल तर मेथॅनॉलचं उत्तर ३१० ते ३२० च्या आसपास यायला हवं. तसं आलं तर तोटा मांडणीचा आहे, इंधनाचा नाही. मेथॅनॉल स्वच्छ जळतं, म्हणून ३१५ पेक्षा थोडं जास्त आलं तर बिचकू नका, तो फरक इथेनॉलच्या काजळीचा आणि अपूर्ण ज्वलनाचा असण्याची शक्यता जास्त.

आणि मॅडमनी ‘मग खरा आकडा मिळवतात कसा?’ असं विचारलं तर: जाड पोलादी बंद भांड्यात, सुमारे ३० वातावरण दाबाच्या ऑक्सिजनमध्ये, भोवती पाणी ठेवून. त्या बाँब कॅलरीमीटरमधून वायू बाहेर जाऊच शकत नाही, ज्वलनातलं पाणी आतच द्रव होतं, ऑक्सिजन भरपूर असल्याने काजळी धरत नाही. भांड्याची उष्माधारकता बेंझोइक ॲसिडची तोललेली गोळी जाळून आधी काढून ठेवतात. तुमच्या हिशोबातल्या कुठल्या ओळी तिथे शून्य होतात आणि कुठली तरीही उरते, ते एकदा स्वतः लावून पाहा. उरणारी ओळ निवण्याची आहे, आणि तिची दुरुस्ती तिथेही तुमच्या त्या ४४ ते ४२.५ सारख्याच वाचनांवरून करतात.